भेटल्याबरोबर तोंडातून निसटणारं वाक्य: या चुका टाळा

आमच्या सकाळच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात एक मैत्रीण पाच महिन्यांनी परत आली. ठाण्याला चढली तेव्हा चेहरा गोल झालेला, गाल वर आलेले, मानेमागे थोडा उंचवटा. आम्ही चौघी एकदम ओरडलो, "अय्या, तू? ओळखूच आली नाहीस!" आणि मी त्यावर भर घातली, "लग्न मानवलं गं तुला!"

ती हसली. मग तिने ओढणी मानेभोवती गुंडाळून घेतली, मोबाइल काढला आणि घाटकोपर येईपर्यंत मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या डब्यात चढायला लागली.

पुढे तिनेच सांगितलं, म्हणून मला कळलं. किडनीच्या आजारासाठी तिला प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. मोठा डोस बरेच दिवस घेतला की चरबी चेहऱ्यावर, मानेमागे आणि पोटावर साठते, भूक वाढते, अंगात पाणी धरून राहतं. खाणं कमी केल्याने चेहरा पूर्ववत होत नाही. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात आणि त्यानंतर काही महिन्यांत चेहरा पहिल्यासारखा होतो. गोळी मनाने एकदम बंद करणं तर धोक्याचं, कारण तोवर शरीराने या गोळीसारखंच स्वतःचं संप्रेरक बनवणं जवळजवळ थांबवलेलं असतं. "त्या दिवशी ओढणी मुद्दाम घेतली होती," ती म्हणाली. "घरून निघताना तीन वेळा बदलली."

कौतुकाच्या वेशातली चूक

आपल्याकडे शरीरावर बोलणं हीच चौकशी समजली जाते. 'वाळलीस गं', 'सुकलात तुम्ही', 'तब्येत सुधारली', 'केस पिकले की रे', आणि पोट जरा पुढे दिसलं की 'गोड बातमी का?' बोलणाऱ्याच्या मनात माया असते, हे मी मानते. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की समोरच्याने मला आधी वरून खाली पाहिलं.

सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे 'किती बारीक झालीस, मस्त दिसतेस! काय करतेस?' वजन उतरतं ते जिम लावल्यामुळेच असं नाही. टीबी, वाढलेलं थायरॉइड, आटोक्यात नसलेली शुगर, घरात झालेला मृत्यू, यातल्या कशानेही माणूस चार महिन्यांत निम्मा दिसायला लागतो. अशा माणसाने भरल्या डब्यात काय उत्तर द्यावं? एक तर 'काही नाही गं, डाएट' असं खोटं बोलायचं, नाही तर दहा अनोळखी बायकांसमोर आजाराचं नाव घ्यायचं. म्हणून वजनाची स्तुतीही मी आता बंद केली आहे.

दुसऱ्या टोकाची चूकही तेवढीच दुखावणारी. काय बोलावं ते सुचत नाही म्हणून लोक खिडकीबाहेर बघतात, किंवा मान तिरकी करून आवाज खाली आणतात, 'कशी आहेस गं आता?' त्या 'आता'मध्ये सगळं येतं. केमोनंतर स्कार्फ बांधून येणाऱ्या बाईला हा स्वर लांबून ओळखता येतो.

मग पहिलं वाक्य कोणतं?

पहिलं वाक्य शरीराबाहेरचं असावं: तिच्या जागेबद्दल, कामाबद्दल, तुमच्या दोघींच्या सामायिक गोष्टीबद्दल. आमच्या मैत्रिणीला त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं, "ये गं, चौथी सीट आहे, बस." बस्स. त्यानंतर, "दसऱ्याला डबा सजवला तेव्हा तोरणं कशी बांधायची यावर सगळ्या अडल्या होत्या, तू नव्हतीस ना." यात ती पाच महिने नव्हती हे आलं, तिची आठवण झाली हेही आलं, आणि कारण सांगायचं की नाही हे तिच्याकडे राहिलं.

सोसायटीच्या गेटवर भेटणाऱ्या काकांनाही हेच लागू. 'काका, एकदम थकलात हो' याऐवजी 'काका, आज फेरी लवकर का?' असं विचारलं तर ते फेरीबद्दल बोलतील, वाटलं तर गुडघ्याबद्दलही बोलतील.

नजर डोळ्यांवर ठेवा. ती स्कार्फकडे, पोटाकडे किंवा वाकड्या झालेल्या ओठाकडे जाणारच, पण तिथे रेंगाळू देऊ नका. 'कसं चाललंय?' विचारायला हरकत नाही, फक्त 'मजेत' हे उत्तर आलं की तेच उत्तर धरायचं, 'नाही, खरं सांग' म्हणून उकरायचं नाही. आणि धावत जाऊन मिठी मारू नका. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात, आपलं साधं पडसंही तिला दवाखान्यात नेऊ शकतं. नमस्कार करा, हात पुढे करायचा की नाही ते तिला ठरवू द्या.

खरंच ओळख पटली नाही तर? 'तू किती बदललीस' हे वाक्य गिळा आणि स्वतःचं नाव सांगा, "मी दादरच्या ऑफिसातली, आपण एका टेबलावर जेवायचो." समोरची व्यक्ती आपणहून नाव सांगते. हे मी लग्नाच्या हॉलमध्ये बऱ्याचदा वापरलंय.

बोलून गेलात तर

वाक्य निसटलं हे कसं कळतं? हसू एक क्षण उशिरा येतं, हात ओढणीकडे किंवा केसांकडे जातो, उत्तर तुटक होतं. हे दिसलं की तिथेच थांबा. 'अगं, चांगल्या अर्थाने म्हटलं' हे स्पष्टीकरण देऊ नका, त्याने तिला तुमचीच समजूत काढावी लागते. मी आठवड्याने ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर तिला गाठून एवढंच म्हटलं, "त्या दिवशी मी तुझ्या चेहऱ्यावरून बोलले. चुकलं माझं, सॉरी." आणि लगेच विचारलं, "उद्या आमच्या डब्यात येतेस ना?" ती दोन दिवसांनी आली. त्यानंतर गोळ्यांचं तिने स्वतः सांगितलं.

तिने सांगितलं तेव्हा दुसरी मोठी चूक माझ्या अगदी जिभेवर आली होती: 'माझ्या मावशीने कारल्याचा रस घेतला होता...' समोरच्याने स्वतः विषय काढला म्हणजे औषध विचारलं असं होत नाही. ती जो शब्द वापरेल तोच आपण वापरायचा. ती 'किडनीचा त्रास' म्हणाली तर आपण त्याला 'किडनी फेल' म्हणायचं नाही. आणि तिने चौघींना सांगितलं म्हणून ग्रुपवर 'तिची काळजी घ्या गं' असा मेसेज टाकायचा नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. जवळच्या माणसाची प्रकृती खालावतेय असं दिसतं आणि तो काहीच बोलत नाही, तेव्हा गप्प बसणंही बरोबर नाही. अशा वेळी भेटल्या क्षणी नाही, चारचौघांत तर नाहीच. चहाला दोघंच बसाल तेव्हा, एकदाच, आणि दिसण्याबद्दल न बोलता पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोला: "दादा, परवा पुलाचा जिना चढताना तू दोनदा थांबलास. दाखवायला जायचं असेल तर मी येतो सोबत." उत्तर 'बघू' आलं तर विषय तिथेच सोडा, पण पुढच्या वेळी त्याच्यासोबत जिना हळू चढा.