पाय मुरगळलाय की मोडलाय? सुट्टी टाकायच्या आधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात लोहगड उतरताना माझा उजवा घोटा मुरगळला, तीन आठवड्यांत दुखायचा थांबला, मी बरी झाले म्हणून मोकळी झाले, आणि चार महिन्यांनी सोसायटीच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तोच पाय पुन्हा आत वळला तो थेट हाड मोडूनच. त्यामुळे दोन्हींचा अनुभव घरबसल्या जमा आहे. परवा भाच्याचा पाय मुरगळला आणि ताई फोनवर विचारत होती की किती दिवस लागतील, तिला सांगितलं तेच इथे लिहितेय.

सगळ्यात आधी मोडलंय का ते बघा. सूज बघून ठरवू नका, चांगला मुरगळलेला पाय कधीकधी मोडलेल्यापेक्षा जास्त सुजतो आणि काळानिळा पडतो. आणि 'बोटं हलतायत म्हणजे हाड शाबूत' हे तर डोक्यातून काढूनच टाका, माझी मोडलेल्या पायाची सगळी बोटं मस्त हलत होती. बघायचं काय, तर लंगडत का होईना पण चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे हाडाचं टेंगूळ असतं त्याच्या टोकावर किंवा मागच्या कडेने वर चार बोटं अंतरापर्यंत दाबलं तर हाडावरच कळ येते का. चार पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर कळ असेल तर एक्सरे. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून मागे आलं की मध्यावर एक हाड टोचतं, तेही दाबा, पाय आत वळला की तेही मोडतं आणि घोट्याच्या गडबडीत राहून जातं. आतल्या बाजूचा पावलाचा उंचवटा पण. लहान मुलांच्या बाबतीत हे दाबून बघत बसू नका, त्यांच्या हाडाच्या टोकाची वाढीची जागा लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्यापेक्षा, कच्ची असते, सरळ दाखवा. आणि एक्सरे होईपर्यंत हाडवैद्याकडून ओढून घेणं, चोळून घेणं बंद म्हणजे बंद.

बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. माहितीच आहे.

आता दिवस. हलकं मुरगळणं, म्हणजे लिगामेंट नुसतं ताणलंय, चालता येतंय, एक ते तीन आठवडे. लिगामेंट थोडं फाटलंय, सूज आणि निळेपणा चांगलाच आहे, तीन ते सहा आठवडे. पूर्ण फाटलं असेल तर दोन-तीन महिने सहज, कधी त्याहून जास्त. आणि दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या भागात असेल तर ते वेगळं मुरगळणं आहे, दोन हाडांना एकत्र धरणारं लिगामेंट दुखावतं, ते नेहमीच्या मुरगळण्यापेक्षा जवळपास दुप्पट वेळ खातं. मोडलं असेल तर हाड सांधायला साधारण सहा आठवडे, पण हे नुसतं सांधणं झालं, नीट चालायला तीन महिने आणि पळायला, ट्रेकला चार ते सहा महिने धरा. ऑपरेशन करून प्लेट बसवली तर पुढे कधीकधी वर्ष.

म्हणजे 'मोडण्यापेक्षा मुरगळणं बरं' असं सरसकट नसतं. माझं मोडलेलं हाड जागेवरून हललं नव्हतं, डॉक्टरांनी प्लास्टरऐवजी वॉकर बूट, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा कडक उंच बूट दिला, झेपेल तेवढं वजन टाकायला पहिल्या आठवड्यापासून सांगितलं, सहा आठवड्यांनी बूट सुटला. पूर्ण फाटलेलं लिगामेंट घेऊन बसलेला माणूस तेव्हा अजून लंगडत असतो.

पण खरा फरक दिवसांचा नाही, आणि मी इथेच माती खाल्ली. हाड मोडलं की तारीख मिळते, एक्सरे होतो, डॉक्टर दाबून बघतात, मग फिजिओकडे पाठवतात. मुरगळलेल्या पायाला तारीख देणारं कुणी नसतं, दुखणं थांबलं की आपणच डिस्चार्ज देतो. आणि दुखणं आधी थांबतं, लिगामेंट भरून घट्ट व्हायला महिने लागतात. त्यात लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची बारीक टोकं असतात जी मेंदूला कळवतात की पाऊल कुठे झुकलंय, लिगामेंटबरोबर तीही दुखावतात. मग पाय वळायला लागला तरी आवरणारे स्नायू उशिरा जागे होतात. मला फिजिओने तोलाचा व्यायाम लिहून दिला होता. कागद फ्रिजवर चुंबकाने लावला होता. केला नाही. दुखत नव्हतं ना!

तर तोलाचा व्यायाम. भिंतीजवळ दुखऱ्या पायावर उभं राहायचं, तीस सेकंद, तीनदा. जमलं की डोळे मिटून, ते जमलं की घडी घातलेल्या चादरीवर. न दुखता त्या पायावर उभं राहता आलं की लगेच सुरू करायचं आणि दुखणं गेल्यावर सहा ते आठ आठवडे चालू ठेवायचं. दुखणं गेल्यावर, परत लिहिते. दात घासताना करा, वेगळा वेळ काढू म्हणाल तर निघणार नाही. चांगल्या पायावर तीस सेकंद आणि दुखऱ्यावर आठ, असं असेल तर पाय बरा झालेला नाही, मग दुखो न दुखो.

दिवस वाढवणाऱ्या गोष्टी. सिगरेट, हाड सांधायला सरळ उशीर होतो. डायबेटिस, यात डॉक्टर प्लास्टर किंवा बूट जास्त आठवडे ठेवतात, घाई करायला लावू नका. वय, ड जीवनसत्त्वाची कमतरता, स्टिरॉइडच्या गोळ्या. आधी तोच पाय मुरगळलेला असणं. आणि उलट टोकाचं म्हणजे अति आराम, हलक्या मुरगळण्यात पंधरा दिवस पलंगावर पडून राहिलात तर घोटा आखडतो आणि पोटरी बारीक होते, म्हणून दोन-तीन दिवसांनी सोसेल तसं चालायला लागा. तोलाचा व्यायाम न करणं. हो, परत तेच.

घरात बाथरूमला स्टूल, इंडियन टॉयलेट असेल तर कमोडची खुर्ची, पाठीवर सॅक कारण कुबड्यांमुळे हात मोकळे नसतात. उजवा पाय असेल तर बूट सुटून जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत गाडी नाही. प्लास्टरमध्ये बोटं निळी, बधिर झाली किंवा कळ वाढतच गेली तर रात्र असली तरी जा. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तरी तसंच, रक्ताची गुठळी असू शकते.

बूट सुटल्यावर संध्याकाळी सूज येते, काही महिने येते, घाबरू नका. सहा आठवड्यांनीही मुरगळलेला पाय सुधारत नसेल किंवा सारखा दगा देत असेल तर परत दाखवा. पळायच्या आधी त्या एका पायावर टाच उचलणं आणि छोट्या उड्या न दुखता जमल्या पाहिजेत. ऑपरेशन झालं असेल तर बिलं जपून ठेवा, मेडिक्लेमवाले ओरिजिनल मागतात. आणि फ्रिजवरचा कागद.