"काम मिळालंच नाही" म्हणणाऱ्या क्लायंटला उत्तर देण्याआधीची तयारी

मेल वाचल्यावर पहिला तास काहीच पाठवू नका. राग येतो, आणि रागात लिहिलेली ओळ पुढे आपल्याच विरुद्ध दाखवली जाते. त्या तासात एवढंच तपासायचं, की समोरच्याला "मिळालं नाही" म्हणजे नेमकं काय म्हणायचंय. फाइल हातातच आली नाही, आली पण ठरल्यासारखी नव्हती, की ज्याच्याकडे आली तो आता तिथे नाही? तिन्हींची उत्तरं वेगळी असतात.

माझ्याबरोबर घडलेलंच सांगते. एका कंपनीसाठी २४ पानांचा कॅटलॉग केला होता. ३ मार्चला प्रूफ पाठवलं, ६ मार्चला त्यांच्याकडून करेक्शन आली, ११ मार्चला फायनल फाइलची लिंक गेली आणि १४ मार्चला बिल. २८ एप्रिलला त्यांच्या अकाउंट्समधून दोन ओळी आल्या: "सदर काम प्राप्त झालेले नाही. बिल रद्द समजावे."

अशा वेळी आधी मूळ करार किंवा कोटेशन उघडायचं. त्यात काय द्यायचं ठरलं होतं आणि ते कोणाकडे द्यायचं, या दोन ओळी शोधायच्या. मग एका कागदावर तारखांची उतरंड करायची. प्रत्येक तारखेसमोर काय घडलं ते एका वाक्यात, आणि त्याचा पुरावा कुठे आहे ते. पुराव्याशिवायची नोंद आठवणीतून भरू नका. ती जागा रिकामी राहू द्या, कारण समोरचा पहिलं बोट तिथेच ठेवणार.

पुरावे जमवताना त्यांचं वजन ओळखा. आपण पाठवलेला मेल फक्त आपण पाठवल्याचं सांगतो. ड्राइव्हच्या `Activity` मध्ये फाइल कधी टाकली आणि कोणाला शेअर केली ते दिसतं, पण साध्या खात्यात ती कोणी उघडली ते दिसत नाही. निळ्या टिका दिसल्या म्हणजे मेसेज वाचला गेला, काम मान्य झालं असं नाही. सगळ्यात जड पुरावा त्यांच्या हातचा. माझ्याकडे त्यांचा ६ मार्चचा मेल होता: "पान ९ वरचा फोटो बदला, पान १७ चा मजकूर डावीकडे घ्या." फायनलमध्ये तेच दोन बदल होते. शिवाय १२ मार्चला उत्तर आलं होतं, "मिळालं, प्रिंटिंगला देतोय." त्याच्यापुढे माझ्या दहा स्मरणपत्रांनाही किंमत नव्हती.

हे सगळं मूळ स्वरूपात जपा. जीमेलमध्ये `Download message` वापरून मेल उतरवून घ्या, व्हॉट्सअॅपमध्ये `Export chat` करा. नुसता स्क्रीनशॉट कापलेला वाटू शकतो. आणि ड्राइव्हवरच्या जुन्या फाइलला हात लावू नका. "एकदा नीट अपलोड करून देते" म्हणून ती बदललीत की बदलाची नवी तारीख दिसते, आणि काम उशिरा दिल्याचा संशय आपणच उभा करतो. पुन्हा पाठवायचीच असेल तर वेगळी प्रत पाठवा आणि "ही ११ मार्चच्या फाइलची प्रत" असं लिहा.

आता उलट बाजू प्रामाणिकपणे तपासा. लिंकची मुदत संपली होती का? परवानगी चुकीच्या पत्त्याला दिली होती का? काही फाइल-ट्रान्स्फर सेवांच्या लिंक ठरावीक दिवसांनी आपोआप बंद पडतात, आणि क्लायंट उशिरा उघडायला गेला तर त्याला खरंच काही मिळत नाही. तसं झालं असेल तर ते कबूल करून फाइल द्या, आणि तिथून नव्या तारखा मोजा.

उत्तर मोजकं हवं. मी लिहिलं होतं:

"नमस्कार. आपला २८ एप्रिलचा मेल मिळाला. फायनल फाइल ११ मार्चला आपल्या मार्केटिंग विभागाकडे पाठवली होती. १२ मार्चची पोच आणि ६ मार्चची करेक्शन सोबत जोडली आहेत. यांपैकी नेमकी कोणती गोष्ट मिळालेली नाही, ते ७ मेपर्यंत कळवावं. तसं काही नसल्यास त्याच तारखेपर्यंत बिल चुकतं करावं."

त्यात आरोप नाही, "फसवणूक" हा शब्द नाही. सवलतही पहिल्याच उत्तरात देऊ नका, तिचा अर्थ काम अर्धवट होतं असा काढला जातो. मेल अकाउंट्सला पाठवा, पण कोटेशन मंजूर करणाऱ्या माणसालाही प्रतीत ठेवा. आमच्या बाबतीत गाठ तिथेच सुटली. फाइल घेणारे गृहस्थ एप्रिलमध्ये नोकरी सोडून गेले होते आणि अकाउंट्सला पोचेची नोंदच मिळाली नव्हती.

तारीख उलटूनही उत्तर आलं नाही, तर फोन करा, आणि फोन संपताच "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून त्याचा मेल टाका. तरीही गप्प राहिले, तर तीच उतरंड आणि तेच जोडकागद घेऊन वकिलाकडे जा.