सीईटीच्या निकालाची जाहिरात करताना या चुका टाळा

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत स्टेशनबाहेर फ्लेक्सची गर्दी होते. पासपोर्ट साइजचे फोटो, त्याखाली 99.87, 99.64, आणि वर ठळक अक्षरांत 'आमचे 23 विद्यार्थी 99 पर्सेंटाईलच्या वर'. आकडा बहुतेकदा खोटा नसतो. तरीही तो वाचून पालक जो अर्थ काढतात तो चुकीचा असतो, आणि क्लास चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ही जाहिरात दुरुस्त करायला हवी.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: 23, पण कितीपैकी?

समजण्यासाठी एक काल्पनिक क्लास घेऊ. त्याच्या 23 मुलांची नावं रजिस्टरशी ताडून पाहिली तर असं दिसतं: अकरावी-बारावी अशी दोन वर्षं शिकलेले 6, क्रॅश कोर्सचे 3 आणि फक्त टेस्ट सिरीज घेतलेले 14. टेस्ट सिरीजला एकूण 310 मुलं होती, क्रॅश कोर्सला 70. टेस्ट सिरीजचा मुलगा शिकला दुसऱ्याच क्लासमध्ये, इथे त्याने फक्त पेपर सोडवले. त्यामुळे तोच चेहरा एकाच रस्त्यावरच्या दोन फ्लेक्सवर दिसतो. असा चेहरा आपल्या फ्लेक्सवर सापडला, तर बॅचची सरमिसळ झाली आहे असं खुशाल समजा.

फ्लेक्स पाहून पालक चौकशी करतात ती मात्र दोन वर्षांच्या बॅचची, कारण मोठी फी तिचीच असते. मग आकडाही त्याच बॅचचा द्यायला हवा. त्या बॅचला 120 जणांनी प्रवेश घेतला. 24 जण मध्येच सोडून गेले, 96 परीक्षेला बसले. त्यांचे निकाल असे:

99 च्या वर: 6
95 ते 99: 15
90 ते 95: 21
80 ते 90: 24
80 च्या खाली: 22
निकाल कळवला नाही: 8

आता वरून खाली मोजत बरोबर मधल्या विद्यार्थ्यापर्यंत या. तो 80 ते 90 च्या पट्ट्यात येतो. निकाल न कळवलेले 8 जण तळाशी धरले तरी तिथेच. सोडून गेलेले 24 जणही तळाशी धरून 120 ची यादी केली, तरी तिथेच. आपल्या मुलाचं इथे काय होईल या पालकांच्या प्रश्नाला जवळचं उत्तर हे आहे, वरचे सहा फोटो नव्हेत.

हिशोब बिघडतो तो निकालानंतर यादी करायला बसल्यामुळे. तोवर सोडून गेलेल्यांची नावं खोडलेली असतात आणि चांगले मार्क मिळालेलेच पेढे घेऊन येतात. म्हणून अकरावीचे प्रवेश आटोपले की फीच्या पावत्यांवरून यादी करा, तिच्यावर तारीख घाला आणि पुढे तिच्यातलं एकही नाव काढू नका. कोणी सोडलं तर नावापुढे तशी नोंद करा. निकाल लागल्यावर यादीतल्या प्रत्येकाला फोन करा, स्कोअरकार्डची पीडीएफ मागा, तोंडी आकडा लिहून घेऊ नका. ज्याने फोन उचलला नाही तो 'कळवला नाही' या रकान्यात जातो, पण यादीत राहतो.

प्रवेश कसे दिले हेही सांगायला हवं. निवडचाचणी घेऊन दहावीला 95 टक्क्यांच्या वरचीच मुलं घेतली असतील, तर त्या बॅचचा निकाल सरसकट प्रवेश देणाऱ्या बॅचच्या शेजारी ठेवता येत नाही.

पर्सेंटाईलचा घोळ

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे अजून अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. 99 पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी 99 टक्के मुलं तुमच्या बरोबरीने किंवा मागे. समजा तीन लाख मुलांनी परीक्षा दिली, तर 99 च्या वर साधारण तीन हजार येतात आणि 99.9 च्या वर तीनशे. या दोन गटांना मिळणारी कॉलेजं वेगळी असतात. म्हणून '99 च्या वर' अशी मोट बांधून शेजारी नामवंत कॉलेजाच्या इमारतीचा फोटो लावू नका.

याहून वाईट म्हणजे एका विषयाचं पर्सेंटाईल मोठं छापणं. स्कोअरकार्डवर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स यांचे वेगळे आकडे असतात आणि एकूणचा वेगळा. फिजिक्सला 99.8 असलेल्या मुलाचा एकूण आकडा 94 असू शकतो. ऍडमिशन एकूणवर होते, तेव्हा फोटोखाली एकूणच छापा.

फोटो आणि संमती

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेले क्लास त्यात येतात. विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायला त्याची लेखी संमती लागते आणि ती यश मिळाल्यानंतर घेतलेली असावी लागते. प्रवेश फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं 'फोटो वापरण्यास हरकत नाही' इथे चालत नाही. निकालानंतर वेगळा कागद करा. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांचीही सही घ्या.

फोटोसोबत नाव, रँक, कोणता कोर्स, किती मुदतीचा आणि तो सशुल्क होता का, हेही द्यावं लागतं. हा तपशील दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत हवा. तळाशी मुंगीएवढी ओळ टाकून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

हमी, आणि हमीसारखं काहीतरी

'प्रवेशाची हमी' लिहायचं नाही, हे आता बहुतेकांना कळलं आहे. पण 'आमच्याकडे आलात म्हणजे सीट पक्की' किंवा 'पुढचा फोटो तुमचा' ही तीच हमी दुसऱ्या कपड्यांत आहे. 'निवड न झाल्यास फी परत' लिहायचं असेल तर हजेरी किती हवी, किती टेस्ट द्याव्या लागतील, कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करायचा, हे सगळं शेजारीच छापा. अटी छापल्यावर ओळ आकर्षक वाटेनाशी झाली, तर ती आधी आकर्षक का वाटत होती ते कळेल.

मग फ्लेक्सवर लिहायचं काय?

आपल्या उदाहरणातला मजकूर असा होईल:

*एमएचटी-सीईटी, पीसीएम गट. दोन वर्षांची सशुल्क बॅच, निवडचाचणी नाही. प्रवेश 120, परीक्षेला बसले 96. एकूण पर्सेंटाईल 99 च्या वर 6, 90 च्या वर एकूण 42. मधला विद्यार्थी 80 ते 90. संपूर्ण तक्ता ऑफिसमध्ये पाहता येईल.*

'शेजारचे 23 लिहिणार आणि आम्ही 6?' असं क्लासवाले विचारतील. काही प्रवेश हातचे जातील, हे खरं आहे. पण 120 पैकी 42 जण 90 च्या वर हा आकडा कमी नाही, आणि तो घेऊन चौकशीला आलेल्या पालकांसमोर रजिस्टर उघडून ठेवता येतं. टेस्ट सिरीजच्या 14 मुलांचा अभिमान असेल तर त्यांची वेगळी ओळ करा: टेस्ट सिरीज, 310 पैकी 14.

रिक्षामागच्या स्टिकरवर एवढी जागा नसते. तिथे निकालाचा आकडाच टाकू नका. विषय, बॅचची वेळ, पत्ता आणि फोन नंबर पुरेसा आहे.