जुन्या पुस्तकाची नोंद: मूळ साल, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची गल्लत कशी टाळावी

जुन्या पुस्तकांच्या बहुतेक याद्यांत ‘प्रकाशन वर्ष’ असा एकच रकाना असतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कुणी त्यात हातातल्या प्रतीवरचं साल लिहितं, कुणी पुस्तक पहिल्यांदा बाजारात आलं ते, आणि बऱ्याच याद्यांत दोन्ही प्रकार शेजारीशेजारी नांदतात. मग साने गुरुजींची ‘श्यामची आई’ २०१२ सालची होते, कारण त्या प्रतीत तसं छापलेलं असतं. ‘पुस्तकावर जे साल असेल ते लिहा’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो देणाऱ्याला मी सरळ विचारतो, ‘कुठलं साल? एकाच पानावर चार आहेत.’

रकाने

सालांसाठी तीन वेगळे रकाने हवेत: मूळ प्रकाशन, ही आवृत्ती, हे मुद्रण. त्याशिवाय ‘पुस्तकातले शब्द’ आणि ‘आधार’ असे दोन. लेखक, नाव, संपादक, प्रकाशक, गाव हे नेहमीचे आहेतच. एका ओळीत एकच प्रत. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या जवळ असतील तर ओळी दोन. संगणकावर यादी करत असाल तर सालाचे आकडे एकाच लिपीत ठेवा, देवनागरी आणि रोमन मिसळले की क्रम लावताना यादीचे दोन तुकडे पडतात. प्रश्नचिन्हही सालाच्या रकान्यात नको. शंका ‘आधार’मध्ये लिहा.

पानं वाचणं

नामपत्र, त्याच्या मागचं पान, पुस्तकाचं शेवटचं छापील पान, मलपृष्ठ आणि झाडून सगळ्या प्रस्तावना. मुखपृष्ठावरून नोंद करू नका, ते सर्वांत आधी बदलतं.

जुन्या पुस्तकात मुद्रकाचा छापखान्यासह पूर्ण पत्ता असतो, प्रकाशकाचा घरक्रमांकसुद्धा असतो आणि साल मात्र कुठेच सापडत नाही. यात आश्चर्य काही नाही. १८६७च्या छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या कायद्याने पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं आणि ठिकाणं छापणं बंधनकारक केलं होतं, पण सालाची सक्ती त्यात नव्हती.

शक आणि सन

शकात ७८ मिळवले की सन येतो, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. ते वर्षाच्या पहिल्या नऊ-साडेनऊ महिन्यांपुरतं खरं आहे. शक पाडव्याला बदलतो आणि सन १ जानेवारीला, म्हणून माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. ‘शके १८०४, माघ’ म्हणजे १८८३, १८८२ नव्हे. पौष दोन्ही सनांत पाय ठेवून असतो, मार्गशीर्षाची अखेरही कधीकधी जानेवारीत जाते, तेव्हा तिथे पंचांग बघा. महिनाच दिला नसेल तर १८८२-८३ असं जोडसाल लिहा. संवत दिसला तर ५७ किंवा ५६ वजा करायचे. कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७, पुढे ५६.

आणखी एक सापळा सांगून ठेवतो. काही मराठी प्रकाशक सन आणि शक शेजारी छापत आले आहेत: ‘पहिली आवृत्ती : १९६० / १८८२’. यातला १८८२ हा शक आहे. तो मूळ प्रकाशनाचा सन समजून ‘एकोणिसाव्या शतकातलं दुर्मिळ पुस्तक’ म्हणून नोंदवलेलं मी पाहिलं आहे. दोन आकड्यांत ७८ किंवा ७९चा फरक निघाला की समजून जायचं.

आवृत्ती की पुनर्मुद्रण?

सर्वांत जास्त मी इथे अडलो, कारण पुस्तकं स्वतःच नीट सांगत नाहीत.

आवृत्ती म्हणजे मजकुरात किंवा त्याच्या जुळणीत बदल; पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर, तीच जुळणी, फक्त प्रती नव्या. व्याख्या सोपी आहे. अडचण अशी की आपल्या प्रकाशकांनी ‘आवृत्ती’ हा शब्द सढळ हाताने वापरला. हजार प्रती संपल्या, पुन्हा हजार काढल्या की झाली ‘दुसरी आवृत्ती’. अक्षरही न बदलता सातव्या-आठव्या आवृत्तीपर्यंत पोचलेली पुस्तकं ढिगाने आहेत. उलट बाजूने ‘पुनर्मुद्रण’ म्हणवणाऱ्या पुस्तकात नवी प्रस्तावना, बदललेलं शुद्धलेखन आणि गाळलेली परिशिष्टं निघतात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले, त्यानंतर तर अनुस्वार गाळून कितीतरी जुनी पुस्तकं नव्याने जुळवली गेली.

म्हणून माझा हट्ट असा: पुस्तक जे म्हणतं ते ‘पुस्तकातले शब्द’मध्ये जसंच्या तसं उतरवा, आणि तुमचा निर्णय आवृत्तीच्या आणि मुद्रणाच्या रकान्यांत द्या. छापलेलं चूक वाटलं तरी ते दुरुस्त करू नका. पुढे दुसरी प्रत मिळाली आणि निर्णय बदलावा लागला, तर मूळ शब्द शाबूत असतात.

निर्णय कसा करायचा? दोन प्रती असतील तर मधलं कुठलंही पान, समजा ८७वं, दोन्हींत उघडा आणि पहिल्या व शेवटच्या ओळी ताडून बघा. ओळी त्याच शब्दांवर तुटत असतील, मोडका काना किंवा तिरका पडलेला अनुस्वारही त्याच जागी असेल, तर ते पुनर्मुद्रण. असं तीन ठिकाणी बघा, एकावर भागत नाही, कारण कधीकधी फक्त सुरुवातीचे फर्मे नव्याने जुळवलेले असतात. पानांची संख्या हा कच्चा पुरावा आहे: कागद आणि टाइप बदलला की मजकूर तोच राहूनही पानं कमी होतात. एकच प्रत असेल तर जुन्या प्रतीचं स्कॅन archive.org वर शोधा, मराठीतलं बरंच जुनं साहित्य तिथे आहे.

‘प्रथमावृत्ती’ या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. त्याचा अर्थ अनेकदा ‘आमची पहिली’ एवढाच असतो. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे त्यांचं लेखन २०११च्या सुरुवातीपासून कुणालाही छापायला मोकळं झालं. त्यानंतर ‘श्यामची आई’ अनेकांनी काढली आणि बऱ्याच जणांनी आत ‘प्रथमावृत्ती’ असं लिहिलं. त्यांच्या बाजूने ते खोटं नाही. तुमच्या यादीत मात्र मूळ साल १९३५च राहील, २०१२ आवृत्तीच्या रकान्यात जाईल, आणि आवृत्तिक्रमाच्या आधी प्रकाशकाचं नाव येईल: ‘अमुक प्रकाशन, पहिली’. नुसतं ‘पहिली’ कधीच लिहायचं नाही. लेखकाच्या हयातीत प्रकाशक बदलला तरी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो, म्हणून ही सवय सगळ्याच पुस्तकांना लावा.

आता खरा कठीण नमुना. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. १८५७च्या धामधुमीत उत्तरेत गेलेल्या या भटजींनी हकीकत लिहिली पुष्कळ वर्षांनी. ती छापून आली १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांच्या संपादनाने, आणि वैद्यांनी मजकुरात फेरफार केले. पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून वेगळी आवृत्ती काढली. म्हणजे नाव तेच, लेखक तोच, आणि संहिता दोन. पोतदारांच्या पुस्तकाला ‘१९०७चं पुनर्मुद्रण’ म्हणणं साफ चूक आहे, आणि त्याचं मूळ साल १९६६ धरणंही चूक. माझ्या यादीत ती ओळ अशी आहे:

लेखक: गोडसे, विष्णुभट
नाव: माझा प्रवास
संपादक: दत्तो वामन पोतदार
मूळ प्रकाशन: १९०७ (वैद्य संपादित)
ही आवृत्ती: १९६६, हस्तलिखितावरून, वेगळी संहिता
हे मुद्रण: १९६६
आधार: नामपत्र आणि संपादकाची प्रस्तावना

पोतदारांच्या पाठाचं नंतरचं मुद्रण हाती आलं तर फक्त ‘हे मुद्रण’ बदलेल, वरची दोन्ही सालं तशीच राहतील.

मूळ साल कुठून काढायचं

आधी जुन्या प्रस्तावना वाचा. ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ खाली तिथीसह पुढच्या आवृत्त्यांत तशीच छापलेली असते. मग शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’: पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. शिवाय मुंबई इलाख्यातल्या पुस्तकांसाठी १८६७च्या कायद्याखाली निघालेले सरकारी तिमाही तक्ते आहेत. त्यांत किंमत, पानं आणि किती प्रती छापल्या हेसुद्धा मिळतं. पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावरचं साल आधार म्हणून धरू नका.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. लेखनाचं साल हे प्रकाशनाचं साल नसतं: ‘गीतारहस्य’ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलं, छापून आलं १९१५ साली. दुसरं, नियतकालिकातलं क्रमशः प्रकाशन. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये येत होती. मूळ सालाच्या रकान्यात मी पुस्तकाचंच साल धरतो आणि नियतकालिकाचं ‘आधार’मध्ये टाकतो. तुम्ही उलट ठरवलंत तरी चालेल, पण सगळ्या यादीला तोच नियम लावा.

साल छापलेलंच नसेल तर

किंमत बघा. आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७च्या आधीचं मुद्रण. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४च्या आसपासचं. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२नंतरचं, आणि फक्त तेरा आकडी आयएसबीएन असेल तर साधारण २००७नंतरचं. वाचनालयाचा शिक्का किंवा भेट देणाऱ्याची सही-तारीख ‘याच्या अलीकडचं नाही’ एवढं सांगते. किंमत रबरी शिक्क्याने किंवा चिकटपट्टीने बदललेली असेल तर ती पुरावा नाही. उजेडात तिरकी धरून खालची छापील किंमत वाचता येते का बघा. या खुणांवरून ठरतं ते हातातल्या मुद्रणाचं साल. मूळ प्रकाशनाबद्दल त्या काहीच सांगत नाहीत, म्हणून ‘१९५७ ते ६४’ हे तिसऱ्या रकान्यात जाईल, आणि पहिला रकाना दात्यांच्या सूचीत ते पुस्तक सापडेपर्यंत कोरा राहील.