काल्पनिक नकाशावरचा प्रवास दोऱ्याने मोजा

कादंबरीत एकच वाट एकदा पाच दिवसांची आणि पुढे नऊ दिवसांची होते, कारण नकाशावर पट्टी सरळ ठेवून अंतर मोजलेलं असतं. वाट सरळ कधीच नसते.

१. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहा: १ सेंमी म्हणजे १० किमी.
२. ओला सुती दोरा वाटेच्या प्रत्येक वळणावर चिकटवत न्या, मग तो सरळ करून मोजा.
३. सपाटीला पायी दिवसाला २५ किमी धरा, घाटात त्याच्या निम्मे.

समजा, राजधानी ते खिंड पट्टीने १३ सेंमी, म्हणजे साधारण पाच दिवस. दोरा मात्र १८ सेंमी भरतो. त्यातले १४ सेंमी सपाटी, तिला साडेपाच दिवस. उरलेला ४ सेंमी घाट, त्याला तीनहून थोडे जास्त. झाले नऊ दिवस! बैलगाड्यांसह निघालेलं सैन्य याहून हळू जाईल, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा मांडा.

हे आकडे नकाशाच्या मागेच लिहून ठेवा. सावधगिरी एकच: कथेला उशीर हवा असेल तर प्रमाण बदलू नका, नाहीतर इतर सगळे प्रवास चुकतील. त्याऐवजी नदीला पूर आणा.