बारसं की बाप्तिस्मा? लग्नाआधीच कसं ठरवावं

समजा, मुलगी वसईची कॅथलिक आणि मुलगा साताऱ्याचा हिंदू. दोघंही मराठीच बोलतात, त्यामुळे फरक फारसा नाही असं वाटत राहतं. बाळ झालं की तो पहिल्या महिन्यातच समोर येतो. एक आजी बाराव्या दिवसाच्या पाळण्याची तयारी करते, तर दुसरी फादरांकडे बाप्तिस्म्याची तारीख विचारते.

सुरुवात चर्चच्या कागदापासून करा. चर्चमध्ये लग्न करायचं तर ख्रिस्ती नसलेल्या जोडीदाराशी लग्न करण्यासाठी बिशपांकडून सूट घ्यावी लागते. त्यासाठी कॅथलिक जोडीदार वचन देतो, की मुलांना बाप्तिस्मा मिळावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मी शक्य ते सगळं करीन. हिंदू जोडीदाराने वचन द्यायचं नसतं, त्याला त्याची फक्त कल्पना दिली जाते. इथे नुसती मान हलवू नका. मजकूर आधी मागून घ्या, दोघांनी मिळून वाचा आणि तिला विचारा, ‘शक्य ते सगळं म्हणजे तू नेमकं काय करणार?’ 1954 च्या विशेष विवाह कायद्याने केवळ नोंदणी केली तर हे वचन लागत नाही, पण चर्च ते लग्न वैध मानत नाही. तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही, हे त्याने समजून घ्यावं.

मग एका कागदावर दोन रकाने आखा, एक बदलता येणाऱ्या गोष्टींचा आणि दुसरा कायमच्या गोष्टींचा. बारसं, जावळ, गणपती, नाताळ या गोष्टी दरवर्षी किंवा दर मुलामागे बदलता येतात. बाप्तिस्मा मात्र कॅथलिक शिकवणीनुसार कायमचा, तो पुसता येत नाही. शिवाय चर्चच्या नियमानुसार बाळाच्या बाप्तिस्म्याला आई-वडिलांपैकी एकाची संमती पुरते. म्हणून ‘दोघांच्या होकाराशिवाय नाही’ हा शब्द तुम्हीच एकमेकांना द्यायला हवा. सात वर्षं पूर्ण झाली की मुलाची स्वतःची इच्छाही विचारात घेतली जाते, त्यामुळे थांबणं हाही एक पर्याय असतो.

‘दोन्ही करू’ असं ठरलं तर कामं वाटून घ्या. पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे चर्चमध्ये मुलाला पहिल्यांदा पवित्र भाकर मिळण्याआधी, धर्मशिक्षणाच्या वर्गाला कोण नेणार? वसईच्या आजीला नातवाने गणपतीचा प्रसाद खाल्लेला खटकला, तर तिच्याशी कोण बोलणार? माझ्या मते आपल्या आईशी आपणच बोलावं, सुनेला किंवा जावयाला पुढे करू नये.

बोलताना ‘आमच्या घरच्यांना चालणार नाही’ असं वाक्य आलं की थांबा आणि ‘तुला स्वतःला काय हवंय?’ असं विचारा. ‘नंतर बघू’ हे उत्तर सगळ्यात धोक्याचं. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, म्हणजे निर्णयाच्या वेळी ती वसईत असेल आणि तो साताऱ्यात. तिला माहेरी न्यायच्या आधी, सातव्या महिन्यातच दोन्ही घरांना तो कागद वाचून दाखवा.