बनपावाला अंड्याशिवाय चकाकी

सांगलीत श्रावण लागला की बऱ्याच घरांत अंडं बंद होतं आणि घरचे बन फिके दिसू लागतात. नुसत्या दुधाने रंग येतो, पण अंड्यासारखी चकाकी येत नाही. म्हणून हे काम दोनदा करायचं, भट्टीआधी आणि भट्टीनंतर.

सहा बनांना दोन चमचे दूध पुरतं. त्यात पाव चमचा साखर विरघळवा आणि बन पूर्ण फुगल्यावर, ओव्हनमध्ये सरकवण्याच्या अगदी आधी मऊ ब्रशने लावा. हात हलका हवा, नाहीतर फुगलेला बन बसतो. दुधातली प्रथिनं आणि साखर तापून तांबूस रंग येतो. साखर वाढवलीत तर आतून भाजायच्या आधीच वरून करपतं.

बन भाजेपर्यंत दोन चमचे साखर तेवढ्याच पाण्यात विरघळवून एक उकळी आणा. बन बाहेर आले की लगेच हा पाक पातळ फिरवा. गरम सालीवरचं पाणी उडतं आणि चकचकीत थर उरतो. गार बनावर तोच पाक नुसता चिकचिकतो. पावसाळी हवेत तर गरम असताना लावलेलाही दुसऱ्या दिवशी चिकट होतो, तेव्हा बन त्याच दिवशी संपवा.

मिसळीबरोबरच्या पावाला मात्र पाक नको. त्यावर लोणी फिरवा. चकाकी मंद येते, पण साल मऊ राहते.

अंडं चालत असेल तर एका अंड्यात चमचाभर दूध आणि चिमूटभर मीठ फेटून गाळून घ्या. ओघळ ट्रेपर्यंत जाऊ देऊ नका. बन तिथे चिकटतो आणि वाकडा फुगतो.